दोन मिलिसेकंद

१

पाच वाजले की सुतळीला काही काम सांगायचं नाही, असा नियम त्याच्या बायकोने आपणहूनच करून टाकला होता. सांगून उपयोग नसे, म्हणून. दुपारी दोनला कामावरून यायचं, जेवायचं, तासभर लवंडायचं आणि पाचच्या ठोक्याला मागच्या खोलीत जाऊन कानांवर हेडफोन चढवायचे. चव्वेचाळिसाव्या वर्षी नवऱ्याला लागलेलं हे वेड तिने फारसं मनावर घेतलं नव्हतं. बाटलीपेक्षा बरं, एवढंच ती म्हणायची. सुतळी हे त्याचं शाळेतलं नाव, तेव्हा तो होताच तसा काटकुळा. आता पोट चांगलं सुटलं होतं. सुतळीचा दोरखंड झाला तरी नाव काही बदलत नाही, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

खेळ होता बुडत्या खाणीतल्या दोन मजुरांचा. खाणीत पाणी चढत असतं आणि दोघांनी मिळून बाहेरची वाट काढायची असते. एकाकडे दिवा, दुसऱ्याकडे पंप. दारं अशी की दोन बाजूंना दोन दांडे, आणि दोघांनी ते एका सेकंदाच्या आत ओढले तरच दार उघडणार. एकट्या माणसाने कितीही डोकं आपटलं तरी ते हलत नसे. एखादा पाण्यात पडला तर त्याच्या डोक्यावर लाल पट्टी दिसू लागे आणि नव्वद सेकंदांत ती संपे. तेवढ्यात जोडीदाराने शेजारी उभं राहून एक बटण सलग सहा सेकंद दाबून धरायचं, की पडलेला उठला. पाच सेकंदांनी बोट उचललंत तर पुन्हा पहिल्यापासून.

तीन महिन्यांपूर्वी सुतळी पहिल्यांदा या खाणीत उतरला तेव्हा त्याला ओळखीचं कोणी नव्हतं. खेळच कुठलातरी रिकामा माणूस शोधून जोडी लावून देतो, तशी ती लागली. तो दहा मिनिटांत पाण्यात पडला. त्या अनोळखी माणसाने येऊन बटण धरलं आणि पट्टी भरता भरता पुटपुटला, "ऊठ रे, बाई आल्या."

वर्गात डुलकी लागली की सुतळीला कोपर मारून असं उठवणारा जगात एकच प्राणी होता. सुतळीने श्वास रोखून विचारलं, "बोका?"

पलीकडे तो हसला. अठ्ठावीस वर्षं मध्ये गेली होती आणि हसणं तसंच होतं, आधी नाकातून आणि मग तोंडातून.

२

बोका आता समुद्रापार, नऊ तास मागे असलेल्या गावात राहत होता. चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात त्याची दुपारची पाळी असे, म्हणून सुतळीचे पाच म्हणजे त्याचे सकाळचे आठ, हे दोघांना छान जुळलं. बायको दुसऱ्या शहरात नोकरीला, पंधरा दिवसांनी यायची. दोन मजली घरात तो एकटाच. फोन नंबर, फोटो, चेहरा दाखवणं यातलं काही नको, असं बोक्यानेच पहिल्या आठवड्यात ठरवून टाकलं होतं. त्याला सुतळी दहावीतलाच दिसत होता आणि तो तसाच राहू द्यायचा होता. सुतळीलाही पोटाकडे बघता ते बरंच वाटलं.

खाण बोक्याची होती. म्हणजे डाव साठवला जाई तो त्याच्या कॉम्प्युटरवर, तो होस्ट. त्याने खेळ उघडून बोलावणं धाडलं की सुतळी आत शिरणार, आणि त्याने बंद केला की सुतळी बाहेर फेकला जाणार. सुतळी त्यावरून त्याला घरमालक म्हणायचा.

दोघं खेळत कमी आणि बोलत जास्त. कुठले सर गेले, कोणाला किती मुलं, कोणाचं टक्कल. एका विषयाभोवती मात्र दोघंही पाय जपून टाकत. एकदाच बोक्याने विचारलं होतं, प्रयोगशाळेतल्या काकांचं पुढे काय झालं. सुतळी म्हणाला, माहीत नाही. त्याला चांगलं माहीत होतं. काकांचे दोन्ही हात भाजले होते आणि त्यानंतर त्यांना साधा पेलाही नीट धरता येत नव्हता.

दहावीत असताना प्रयोगशाळेतल्या गॅसचा नळ गंमत म्हणून सुतळीने उघडा ठेवला होता. बोक्याने ते पाहिलं होतं. काकांनी काडी ओढली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर एक कागद होता, त्यावर बोक्याचं नाव होतं, आणि तो कागद सुतळीने लिहिला होता. कागद कोणाचा, हे बाईंनी कधी सांगितलं नाही. बोक्याला वाटलं, काकांनीच आपलं नाव घेतलं. त्याने सुतळीचं नाव काढलं नाही. शाळेने त्याला काढलं, वडिलांनी गाव सोडलं, आणि सुतळी पहिल्या वर्गात पास झाला.

हे सगळं बायकोला ठाऊक होतं. "सांगून टाका ना एकदाचं," ती म्हणायची. "घोडं कुठे पेंड खातंय?"

घोडं इथे पेंड खात होतं की सुतळीला दुसरा मित्र नव्हता. कामावर बरोबर असत ती माणसं, आणि घरी बायको. मित्र म्हणून हाक मारावी असा हा एकच, तोही आयता परत मिळालेला. सांगितलं तर तो जाईल, आणि नाही सांगितलं तर आपण त्याच्याशी रोज खोटंच हसतोय. रोज पाचला तो ठरवे, आज सांगायचं. रोज सातला म्हणे, उद्या.

खेळातही त्याचं असंच होतं. बोका पाण्यात पडला की हा धावत जायचा, बटण धरायचा, आणि पाणी स्वतःच्या छातीला लागलं की चौथ्या-पाचव्या सेकंदाला बोट उचलून पळायचा. पट्टी पुन्हा शून्यावर. बोका हसून म्हणायचा, असू दे रे, पुढच्या वेळी.

३

त्या दिवशी सुतळी खाणीत उतरला आणि त्याला वाट सापडेना. काल जिथे थांबले होते त्या पुढची दोन दारं सताड उघडी होती.

त्याला आधी राग आला. बोका दुसऱ्या कुणाबरोबर खेळला होता तर. नवऱ्याने बायकोला विचारावं तसं त्याने आडून आडून विचारलं, काल आणखी कोण आलं होतं. बोका म्हणाला, "तूच की. रात्री जेवण झाल्यावर बसलो नव्हतो का आपण? कमाल खेळलास लेका. मी तीनदा पडलो, तिन्ही वेळा गळ्यापर्यंत पाणी आलं तरी तू बोट उचललं नाहीस."

बोक्याची जेवणानंतरची रात्र म्हणजे सुतळीची सकाळ. त्या वेळी सुतळी रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीसमोर उकिडवा बसून तुटलेली केबल सांधत होता. त्याला वाटलं, बोका टोमणा मारतोय. बोट उचलण्यावरून एवढे दिवस हसत होता, आज जरा टोचून बोलला. तो कसनुसा हसला आणि पुढच्या दाराकडे वळला.

रात्री झोपण्याआधी बोक्याचा निरोप आला. दुसरं दार उघडलं त्या क्षणाचं पडद्याचं चित्र त्याने काढून ठेवलं होतं. पाण्यात दोन मजूर, दोघांचे हात दांड्यांवर. वर कोपऱ्यात, नेहमी असते तशी, खेळणाऱ्यांची यादी. बोक्याचं नाव आणि पुढे 'होस्ट'. खाली सुतळीचं नाव आणि पुढे आकडा: २.

सुतळीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग चित्र मोठं करून पाहिलं. दोनच होता.

४

दुसऱ्या कोणाची नजर त्या आकड्यावरून सरळ पुढे गेली असती. पण सुतळीचं पोट ज्या धंद्यावर चाललं होतं तो धंदाच या आकड्यांचा. काचेच्या केसासारख्या तारा सांधायच्या, त्यांच्यातून उजेड धाडायचा आणि तो जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, हे तो वीस वर्षं करत होता. यादीत नावापुढे दिसतो तो आकडा, पिंग, म्हणजे तेच. इकडून हाक मारली की तिकडून ओ यायला लागणारा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजलेला.

काचेत उजेड एका मिलिसेकंदात दोनशे किलोमीटर जातो. त्याहून जोरात त्याला कोणी पळवू शकत नाही, कंपनीचा मोठा साहेब आला तरी नाही. बोक्याचं गाव बारा हजार किलोमीटरवर. तार सरळ टाकली तरी जाऊन येऊन एकशेवीस. तार सरळ नसते, समुद्राखालून वळसे घेत जाते आणि मध्ये दहा ठिकाणी थांबते, म्हणून सुतळीच्या नावापुढे रोज एकशे नव्वदच्या आसपास आकडा असे. तो कधी एकशे ऐंशीच्या खाली गेला नव्हता.

दोन म्हणजे शेजारचं शहर नाही. शेजारची गल्लीही नाही; गल्लीतून कंपनीच्या यंत्रापर्यंत जाऊन परत यायलाच पाच-सात लागतात. दोन म्हणजे एकच राउटर. एका घरातले दोन कॉम्प्युटर, मध्ये एखादी भिंत.

सुतळी समजूतदार माणूस होता. त्याने स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. आकडा मधल्या एखाद्या सर्व्हरपर्यंतचा असेल. पण मग तो रोजच लहान दिसायला हवा होता, आणि रोज तर एकशे नव्वद दिसत होता. खेळात काही बिघाड असेल. असेलही. कोणीतरी आपला पासवर्ड चोरला असेल, हे त्याला सर्वांत पटलं, कारण ते रोज घडतं. त्याने पासवर्ड बदलला, वर मोबाइलवर येणाऱ्या आकड्यांचं दुसरं कुलूप लावलं, आणि आपल्या खात्यात कोण कुठून शिरलं याची यादी उघडली.

यादीत एकच कॉम्प्युटर होता, त्याचा स्वतःचा. आणि खाली लिहिलं होतं, आजचे खेळ: सकाळी सहा चाळीस, संध्याकाळी पाच.

त्याने बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. सकाळी सहा चाळीसला ती दात घासत असते, आणि तुमच्या त्या डबक्यात उतरायला तिला वेळ नाही, असं तिने सांगितलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहून तिने हातातलं खाली ठेवलं.

"काय झालं?"

"कोणीतरी माझ्या नावाने त्याच्याशी खेळतंय."

"मग सांगा त्याला. आत्ताच्या आत्ता."

सुतळी हो म्हणाला. आणि सांगितलं नाही.

५

का सांगितलं नाही, याची कारणं त्याच्याकडे भरपूर होती आणि सगळी फुसकी होती. खरं कारण त्याला लाज वाटावी असं होतं. तो दुसरा कोणी होता म्हणून सांगितलं, तर बोका विचारणार, मग तो कोण? आणि तो बोक्याशी काय बोलत होता, हे सुतळीला ठाऊक नव्हतं. आधी कानोसा घेऊ, मग बोलू, असं त्याने ठरवलं. दहावीतही त्याने असंच काहीतरी ठरवलं होतं.

पुढच्या तीन आठवड्यांत कानोशात जे आलं ते बरं नव्हतं. बोका अलीकडे खुशीत होता. काल तू काय हसवलंस, म्हणायचा. परवा तू आईविषयी विचारलंस ते बरं वाटलं, म्हणायचा. आणि मग सहज, काही वाटू देऊ नकोस अशा सुरात, "सकाळचा तू जरा मंदच असतोस. रात्रीचा तू खरा."

सुतळीला भीतीच्या आधी मत्सर वाटला. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

बोक्याच्या घरातल्या लहानसहान गोष्टीही कानावर येत. इंटरनेट जरा रडतंय, कोणीतरी मोठं काही उतरवून घेत असल्यासारखं. वरच्या खोलीत बायकोचा जुना कॉम्प्युटर आहे, कित्येक महिन्यांत कोणी लावला नव्हता, आणि काल खिडकी लावायला गेलो तर त्याचा डबा हाताला गरम लागला. उन्हाने असेल, बोका म्हणाला. तिकडे आठवडाभर ढग होते, हेही त्यानेच आधी सांगितलं होतं.

सुतळीने हे ऐकलं. त्याच्या डोक्यात दोनचा आकडा होता, मध्ये भिंत होती, आणि आता त्या भिंतीमागची खोलीही होती. बोका पाण्यात पडला होता आणि त्याच्या डोक्यावर लाल पट्टी आटत होती. "उठव की रे," तो म्हणाला. सुतळीने बटण धरलं. बोलायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, पाणी छातीला लागलं, आणि सवयीने बोट सुटलं.

"बोक्या," तो म्हणाला, "तुझ्या घराला कुलूप वगैरे नीट लावतोस ना?"

बोक्याला हसू आलं. मग पट्टी संपली आणि दोघं मागच्या टप्प्यावर जाऊन पडले. त्यानंतरचे चार दिवस बोक्याचं सकाळचं बोलावणं आलं नाही. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका असायचा, खाली लिहिलेलं असायचं, खाणीत, दोनपैकी दोन. दोघांचा खेळ, तिसऱ्याला जागा नसते. सुतळी बाहेर बसून ती ओळ वाचत राहायचा आणि आत दुसरा म्हणून त्याचंच नाव असायचं.

६

पाचव्या दिवशी बायको त्याच्या मागे येऊन उभी राहिली. आज तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन, म्हणाली. सुतळीने भीत भीत नावावर बोट टेकवलं. लगेच बोलावणं आलं, जणू बोका वाट बघत बसला होता.

खाणीत दोघं समोरासमोर उभे होते. बोक्याचा मजूर हलत नव्हता. वर कोपऱ्यात सुतळीच्या नावापुढे एकशे त्र्याण्णव.

"कोण बोलतंय?" बोक्याने विचारलं. आवाज दबका होता, तोंडावर हात धरल्यासारखा.

"अरे, मी. सुतळी."

"सुतळी आत आंघोळ करतोय," बोका म्हणाला. "म्हणूनच मी बघायला आलो, त्याच्या नावाने हे कोण चालू झालंय ते."

सुतळीच्या बायकोने खुर्चीची पाठ धरली. माइक उघडा होता आणि पलीकडून खरंच पाणी पडल्याचा बारीक आवाज येत होता, दोन खोल्या ओलांडून आल्यासारखा. खेळातलं पाणी तसं वाजत नाही.

सुतळीने घाईघाईने सगळं सांगायला सुरुवात केली, कामाची वेळ, पासवर्ड, यादी. तो माणूस कधी आला, एवढंच त्याने शेवटी विचारलं.

"परवा. येतो म्हणाला होता. मी पत्ता दिला होता."

"दार वाजवलं?"

"नाही. मी जिना उतरून खाली आलो तर तो सोफ्यावर बसला होता. दार उघडं राहिलं असेल माझ्याकडून." मग जरा हसून, "अगदी तसाच आहे. काटकुळा. दहावीत होता तसा."

सुतळीने खाली स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "बोक्या, नीट ऐक. तो परवा आलेला नाही. तो महिनाभर तुझ्याच घरात आहे. वरच्या खोलीत. ते जे चित्र तू मला पाठवलंस ना, त्यात माझ्या नावापुढे दोन आहे. दोन. इथून दोन येऊच शकत नाही. मी या धंद्यातला आहे, मला कळतं. तू आत्ता ऊठ आणि घराबाहेर जा. चपलाही घालू नकोस."

खुर्ची करकरली. बोका उठला असावा. त्याचा श्वास माइकपासून लांब गेला आणि परत जवळ आला. सुतळीला वाटलं, पटलं. त्याच्या बायकोलाही तसंच वाटलं, तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू सुतळी असशील तर एक सांग," बोका म्हणाला. "प्रयोगशाळेचं. त्याने मला परवा सगळं सांगितलं. रडला. मी त्याला म्हटलं, झालं गेलं, सोडून दे. तुला माहीत असेल तर तूही सांग."

अठ्ठावीस वर्षं जे ओठावर येऊन परत गेलं होतं ते आता बोलायचं होतं, आणि बोललं की बोका वाचणार होता. एवढं सोपं होतं. सुतळीने ओठ ओले केले.

"नळ मी उघडा ठेवला होता," तो म्हणाला. "कागदही मी लिहिला. तुझं नाव मी घातलं."

"पुढे."

"माफ कर मला. खरंच. पण मी लहान होतो रे. बाईंनी मला बोलावून घेतलं, समोर बसवलं, कागद पुढे टाकला, लिही म्हणाल्या. मी घाबरलो. दुसरं काही…"

"तुला बोलावलं होतं?"

सुतळीची बायको त्याच्याकडे बघत होती. तिलाही त्याने हे असंच सांगितलं होतं. इतक्या वेळा सांगितलं होतं की आता त्याला बाईंचं टेबल, बाईंचा कोरडा आवाज, सगळं दिसायचं.

"हो," तो म्हणाला.

बोक्याने श्वास सोडला. तो सुटकेचा होता.

"कोणी बोलावलं नव्हतं," तो म्हणाला. "मधल्या सुट्टीत तू आपणहून गेलास. कागद वहीतून फाडलेला, घरून लिहून आणलेला. त्याने तसंच सांगितलं, एक शब्द बाजूला ठेवला नाही. स्वतःविषयी इतकं वाईट कोणी खोटं सांगत नाही. खोटं बोलणारा तुझ्यासारखं बोलतो."

ते खरं होतं. मधली सुट्टी, फाडलेला कागद, घरी कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली तीनदा खाडाखोड करून लिहिलेला. जगात हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. खांद्यावरचा बायकोचा हात केव्हा उचलला गेला ते त्याला कळलं नाही.

"बोक्या, ते खरं आहे," तो कसाबसा म्हणाला. "मी आत्ता खोटं बोललो. तो म्हणतो तेच खरं. मी गेलो होतो, माझ्या पायांनी. पण मीच सुतळी आहे. तू बाहेर जा. मला शिव्या दे, आयुष्यभर बोलू नकोस, पण बाहेर जा."

"आता त्याचं ऐकून बोलतोयस," बोका म्हणाला.

पलीकडे पाणी बंद झालं.

सुतळीने हेडफोन कानांवर घट्ट दाबले. खेळातली खाण ठिबकत होती. तिच्या मागे कुठेतरी एक दार उघडलं, आणि ओल्या पायांचा आवाज फरशीवरून येऊ लागला. घाई नव्हती. मध्ये एकदा पाऊल थांबलं, आणि पुन्हा आलं. मग बोक्याच्या अगदी पाठीशी, माइकपासून हातभर अंतरावर, कोणीतरी बोललं. कामावर धाडलेल्या बोलक्या निरोपांत सुतळीने रोज ऐकला होता तो, जरा चिरका, शब्दाचा शेवट गिळणारा, त्याचा स्वतःचा आवाज. फक्त तो वयाने लहान होता.

"कोण आहे रे?"

सुतळी ओरडला. काय ओरडला ते त्याच्या बायकोला नंतर सांगता आलं नाही.

बोक्याने आधी नाकातून आणि मग तोंडातून हसून उत्तर दिलं. "कोणी नाही."

पडदा काळा झाला आणि त्यावर एक ओळ आली: होस्टने खेळ बंद केला आहे. तिच्याखाली 'ठीक आहे' एवढं एकच बटण होतं.